वर गोडं, खाली खारं

आमच्या पूर्णेकाठी पोरगी द्यायची तर लोक आधी विहीर विचारत, जमीन मागून. काळी जमीन सगळ्यांकडेच होती. पाणी मात्र खारं. ज्या घरची विहीर पार खारी, त्या घरच्या सुनेच्या डोक्यावरची घागर जन्मभर उतरत नसे. माझ्या वडिलांची विहीर मी रांगत होते तेव्हाच बिघडली. ते पाणी मोठ्यांना सोसे, लहानांची पोटं बिघडत. माझ्याआधीचं एक भावंड तसंच गेलं होतं, म्हणून आईनं मला उचललं आणि अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, आजोळी नेऊन ठेवलं. तिथल्या विहिरी गोड. पाणी सोसण्याइतकी मोठी झाल्यावर मला परत आणलं. आई माझी वाट बघत फाटकात उभी होती आणि मी तिला ओळखलं नाही, असं ती पुढं सगळ्यांना सांगत असे.

खाऱ्या विहिरीची एक रीत असते. पावसाचं गोडं पाणी विहिरीत वर तरंगतं आणि जमिनीतलं खारं खाली बसतं, कारण खारं जड. म्हणून पोहरा अलगद सोडायचा, खळबळ करायची नाही. वरचं वर उचलायचं. नव्या सुनेची परीक्षा आमच्याकडे भाकरीवर होत नसे, पोहरा कसा सोडते यावर होई. खारं कुठवर चढलंय हे बघायला प्रत्येक घरात एक बोळ्याचा गडवा असे. अरुंद तोंडाचा पितळी गडवा, त्याला दगड बांधलेला, तोंडात चिंधीचा घट्ट बोळा आणि बोळ्याला वेगळी दोरी. गडवा हवा तेवढा खोल सोडायचा, दुसऱ्या दोरीला हिसका द्यायचा, बोळा निघतो आणि त्या खोलीचं पाणी गडव्यात भरतं. वर काढायचा आणि जिभेवर घ्यायचं. माहेरचा हा गडवा मी सासरी घेऊन आले. सासू म्हणाली, सोनं नाही आणलं, गडवा आणला. पण वापरायला तिनंच आधी घेतला.

तेव्हा दूर कुठल्या देशात लढाई लागली होती आणि त्यामुळे विलायतेला कापूस मिळेनासा झाला होता. ती लढाई कोणाची, कोणाशी, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती चालू राहावी म्हणून लोक मारुतीला नारळ फोडत. ज्यानं त्यानं कापूस पेरला. माझ्या सासऱ्यांची जात माळ्याची, पिढ्यान्‌पिढ्या वांगी-मिरचीची. त्यांनीही वाफे मोडून कापूस लावला, आणि मग वांगी विकत आणताना शिव्या घातल्या. कापूस खरेदीला मुंबईच्या एका शेठजींचा मुनीम येत असे. आमच्या चोपण, मीठ फुटणाऱ्या जमिनीत, खाऱ्या विहिरीच्या शेजारी, नवऱ्यानं उभा केलेला कापूस त्यानं पाहिला आणि त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं. शेठजींनी समुद्राकाठी एक खाडी घेतली होती. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, जमीन कोरडी करायची आणि तिथंच कापूस पिकवायचा. म्हणजे गाड्या नकोत, घाट नको, शेतातून थेट गलबतात. खारी जमीन ओळखणारा माणूस हवा होता, आणि मुनीमानं माझ्या नवऱ्याला विचारलं.

“समुद्राचं पाणी अन् आपलं पाणी एकच थोडी हाय?” मी नवऱ्याला म्हटलं.

“खारं ते खारं,” तो म्हणाला. “त्याले काय दोन जाती असतात?”

माझा नवरा कमी बोले आणि बोललेलं बदलत नसे. याला गावात सचोटी म्हणत. मी घरात हट्ट म्हणत असे. दोन्ही खरंच होतं.

खाडीवर पोहोचलो तेव्हा पाऊस ओसरत आला होता. आम्हांला कोळीवाड्याच्या कडेला एक झावळ्यांची खोप दिली. शेजारी एक म्हातारी आणि तिची विधवा सून राहत. मुलगा गलबतावर गेला होता तो परतला नव्हता. घरात होडी नव्हती, त्यामुळे या दोघींचं पोट खाडीवरच होतं: गुडघाभर पाण्यात उतरून हातजाळ्यानं कोळंबी धरायची, चिखलातून चिंबोऱ्या काढायच्या, बोय मासळी मिळाली तर तीही. होडीवाल्यांना दर्या होता. या दोघींना खाडीच होती. ती बंद झाली की त्यांची चूल बंद, एवढा साधा हिशेब होता आणि म्हातारीनं तो पहिल्याच दिवशी आम्हांला ऐकवला.

तिची बोली मला निम्मी कळे आणि माझी तिला पावच. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींवर नुसत्या ओरडत होतो, जणू मोठ्यानं बोललं की भाषा समजते. मासळीचा वास मला सोसेना. मी नाकाला पदर लावून बसे आणि ती मला मुद्दाम सोललेली कोळंबी आणून दाखवी. एके दिवशी आमटी समजून मी कालवण खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागितलं. त्यानंतर आमचं जमलं.

नवऱ्यानं आल्याआल्या माझा गडवा मागून घेतला. खाडीच्या मुखाशी, जिथून पुढे समुद्र दिसतो, तिथं होडीतून जाऊन त्यानं पाणी तपासलं. वरून नदी भरून येत होती. वरचं पाणी ओंजळीनं घेतलं तर जवळजवळ गोडं. गडवा तळाशी सोडून बोळा काढला तर खारंजहर. मधल्या खोलीवर थोडं थोडं दोन्ही. तो घरी आला तो खुशीतच.

“आपल्या इहिरीसारखंच हाय,” तो म्हणाला. “वर गोडं, खाली खारं. खालून येणारं अडवलं का झालं. मंग सारं गोडंच राह्यते.”

म्हातारी दाराशी जाळं विणत होती. तिनं मान वर केली नाही. “आज भांग हाय,” ती म्हणाली. “उधानाला बघ.”

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मवाळ भरती. तेव्हा पाणी फारसं वर-खाली होत नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेला. उधाणाच्या दिवशी मीच गडवा घेऊन म्हातारीबरोबर गेले. भरती अशी जोरात आत घुसत होती की वरचं पाणीसुद्धा मचूळ लागलं आणि खालचं तितकं खारं राहिलं नव्हतं. विहिरीत कोणीतरी पोहरा आपटत राहावा तसं झालं होतं, फक्त इथं आपटणारा समुद्र होता आणि तो दिवसातून दोनदा येणार होता. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मंग त्याले अडवलंच पाह्यजे.” माणसाला जे करायचं असतं त्याला सगळीकडून पुरावाच मिळतो.

बांध कुठं घालायचा यावर सगळं अडलं होतं. खाडीच्या दोन्ही काठांनी लांबच लांब बांध घालून मधला प्रवाह मोकळा सोडता आला असता. किंवा मुखाशीच एक आखूड बांध घालून सगळी खाडी एकदम कोंडता आली असती. मुनीमाला आखूड हवा होता. पण त्याला कोळीवाड्याची माणसं कामाला हवी होती आणि कोळी बिथरलेले होते. वाड्यातली मंडळी म्हातारीचा शब्द मानत, कारण खाडी तिच्याइतकी कोणी चाललेली नव्हती. म्हणून एका दुपारी नवरा तिच्या अंगणात जाऊन बसला. मीही गेले, कारण दोघांमध्ये भाषेचा पूल मीच होते, आणि तोही डुगडुगता.

“आजी, तुमची मासोळी कुठं जात नाही,” तो म्हणाला. “पाणी आतमंदी राहूनच राहिलं. पाणी हाय तिथं मासे हायेत. आमच्या पूर्णेच्या डोहात पाहा, उन्हाळ्यात नदी तुटते, डोह तेवढे राह्यतात, अन् त्यातच मासोळी व्हते.”

म्हातारीनं त्याला सगळं सांगितलं. तिचं ते बोलणं मला अजून आठवतं. “तुमची मासली नदीतच जलमते, बाबा, नदीतच मरते. आमची तशी नाय. कोलंबी जलमते भायेर, दर्याला. बोयपन. पन दर्या काय पोरं वाडवतो? तिथं जो तो दुसऱ्याला गिलतो. म्हनून पोरं खाडीला येतात. हे त्यांचं आजोल. इथं पानी गडूल, कोन कोनाला दिसत नाय. तिवरांच्या झाडीत मोठा मासा शिरत नाय. पानं गलतात, कुजतात, त्याच्यावर बारीक बारीक खानं. आनि पानी आज गोडं, उद्या खारं. दर्यातल्या मोठ्या माशाला ते मानवत नाय, पोरांना मानवतं. मोठी झाली की जातात परत.”

आजोळ हा शब्द मी नवऱ्यासाठी पुन्हा उच्चारला नाही. तो त्याला समजला होता. नवरा म्हणाला, “आजी, बांधाले दार ठेवू. येणारं-जाणारं येईल-जाईल. तुमच्या जाळ्यात मासोळी राह्यली नाही, तर ते दार मी माह्या हातानं उघडून देईन. हा माहा शब्द.”

म्हातारी उठली. मग वाड्यात जाऊन सांगितलं की माणूस खोटा नाही. तो खोटा नव्हताच. त्याला फक्त माहीत नव्हतं, आणि खोटं बोलणाऱ्यापेक्षा अशा माणसानं घोटाळा जास्त होतो, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. मी तेव्हा त्याच्या बाजूनं बोलले आणि मनापासून बोलले. डोह मलाही ठाऊक होते. दर्या कोणाला ठाऊक होता?

पाऊस संपला आणि मुखाशी आखूड बांधाचं काम लागलं. दगड, माती, चिखल, तिवराच्या फांद्यांच्या मोळ्या. तिवरं बांधाच्या जागेवरची तोडली, मग जळणालाही तोडली, मग सवयीनं तोडली. बांधात दगडी मोरी केली आणि तिला समुद्राच्या बाजूनं लाकडी झडप टांगली. त्या भागात त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी झडपेला दाबून बंद करतं. गोडं बाहेर जाऊ शकतं, खारं आत येऊ शकत नाही. नवरा ती झडप हातानं हलवून पुन्हापुन्हा बघत असे. लेकाचं लग्न ठरवून आलेल्या बापासारखा त्याचा चेहरा होई.

उन्हाळ्यात बांधाचं तोंड अजून मिटायचं होतं तेव्हा एक गोष्ट झाली. वरून नदी आटली, नुसती रेघ राहिली, आणि खाडीचं पाणी वरपासून तळापर्यंत सारखंच खारं झालं. गडवा कुठंही सोडा, चव एकच. नवरा बुचकळ्यात पडला. “थर कुठं गेला?” म्हणाला. म्हातारी हसली. तिचं म्हणणं सरळ होतं: नदीला जोर असतो तोवर ती वर सरकते आणि दर्या खालून शिरतो, नदी थकली की भरती-ओहोटी सगळं घुसळून एक करते. त्यानं ते ऐकून घेतलं. पण तोंड मिटायचं काम थांबलं नाही.

पहिल्याच पावसात खाडी तळ्यासारखी भरली. गोडं पाणी, वर आणि खालीही जवळपास गोडं. मुनीम येऊन ओंजळभर प्यायला आणि त्यानं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. पाऊस उघडल्यावर उंचवट्याच्या पट्ट्यात कापूस टोचला. रोपं आली, विरळ आणि पिवळसर, पण आली. मिठाचा पांढरा फेस मातीवर अजून उमटत होता; असली जमीन धुऊन निघायला आणखी पावसाळे लागतात हे आम्ही दोघंही जाणून होतो. तसं मुनीमाला सांगितलं होतं. मुनीम म्हणाला, शेठजी थांबणार नाहीत, दिवाळी झाली की स्वतः बघायला येणार.

इकडे म्हातारीच्या जाळ्यात पहिल्यांदा मोठे मासे आले, कोंडलेले. बांध वाईट नाही असं वाड्यात दोन-चार जण म्हणालेही. मग मेलेल्या चिंबोऱ्या वर आल्या. मग काठचा चिखल सडला आणि त्याचा वास आमच्या खोपीपर्यंत येऊ लागला. पावसाळ्याच्या शेवटी खाडीत बारीक कोळंबीचा सडा पडायचा, तो पडला नाही. म्हातारी सकाळी जाई आणि रिकामी येई. सून वाड्यात दुसऱ्यांच्या घरी मासळी सुकवायला जाऊ लागली. ज्या बायका पहाटे खाडीवर जाताना म्हातारीला हाक मारून जात, त्या आता तिच्या अंगणावरून मुकाट्यानं जात, कुठंतरी लांबच्या खाडीला. तिनं शब्द टाकला होता म्हणून बांध झाला, असं सगळे म्हणत होते. ते खरंच होतं.

म्हातारी आम्हांला एक अक्षर बोलली नाही. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. ती दाराशी जाळं विणत बसे, विणलेलं उसवे आणि पुन्हा विणे. नवरा तिच्या अंगणावरून जाताना मान खाली घाली. तो दिलेला शब्द विसरला नव्हता. पण समोर कापूस उभा होता, शेठजी यायचे होते, आणि त्याच्या मनात अजून एक फट होती: मासोळी कमी आहे ती यंदाचं साल वाईट म्हणून असेल, बांधामुळे कशावरून? ती फट बुजवल्याशिवाय तो हलणार नाही हे मला माहीत होतं. बारा वाटांनी समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

मी गडवा घेतला आणि म्हातारीला म्हटलं, “आजी, चाल.”

भरती चढत होती. बांधावरून चालत आम्ही उघाडीवर गेलो आणि समुद्राच्या बाजूला वाकलो. आधी वरचं पाणी काढलं. ओहोटीला आतून सुटलेलं गोडं पाणी अजून वर तरंगत होतं: मचूळ, त्यात एक पान आणि गाळ. मग गडवा तळाशी सोडला आणि हिसका दिला. वर काढून म्हातारीनं बरोबर आणलेल्या परातीत ओतला. पाणी खारं होतं आणि ते हलत होतं. मग दिसले ते डोळे. काचेच्या तुकड्यांसारखी अंगं, दिसतच नव्हती, नुसते काळे टिपके तेवढे परातीत धावत होते. कोळंबीची पिल्लं. बोयीचीही दोन-तीन बारीक पिल्लं होती, भाताच्या दाण्याएवढी.

म्हातारी परातीपाशी बसली. “खालून येतात?” ती म्हणाली. ती जन्मभर खाडीत उभी होती. पिल्लं भरतीबरोबर येतात हे तिला माहीत होतं, पण ती वरच्या पाण्यानं येत नाहीत, खालच्या खाऱ्यावर बसून येतात, हे तिनंही असं वेगळं काढून कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं वाकून झडपेकडे बोट केलं. लाकडाला लागून पाणी जिवंत झालं होतं. आत जायला आलेली पिल्लं झडपेवर येऊन थटत होती, फिरत होती, पुन्हा थटत होती. त्यांच्यामागे मोठे मासे फिरत होते आणि बांधावर बगळे ओळीनं बसले होते. गडूळ पाणी नाही, तिवरं नाहीत, लपायला काही नाही. बगळ्यांना मान वाकवण्यापलीकडे कष्ट नव्हते. मला रडू आलं. मासोळीसाठी आपण रडतोय याचं मला नवल वाटलं आणि तरी आलंच.

परात डोक्यावर घेऊन मी शेतात गेले. नवरा रोपांना मातीची भर देत होता. परात त्याच्यासमोर ठेवली.

“हे काय?”

“खालच्या पाण्यातलं हाय,” मी म्हटलं. “बाहेरून काढलं. वरच्यात काहीच नाही. हे खाऱ्यासंगं खालून येते अन् तुमच्या दारावर मरून राहिलं. ओहोटीले दार उघडते तवा पाणी बाहेर धावते, त्याच्याउलट हे कसं चढन? अन् भरतीले हे येते, तवा दार बंद.”

तो उकिडवा बसला. एक पिल्लू परातीच्या कडेला येऊन थांबलं होतं. त्यानं बोट पाण्यात घातलं, ते उडी मारून मागे सरकलं.

“एवढंसं,” तो म्हणाला. आणि मग, “हे पूर्णेतलं नाही.”

त्याची चूक त्याला त्या एका वाक्यात कळली, असं मला वाटतं. पाणी साठवलं की मासे राहतात हे आमच्याकडे खरं होतं. इथं मासे पाण्यात राहत नव्हते, पाण्याच्या येण्याजाण्यात राहत होते. आम्ही पाणी ठेवलं होतं आणि येणं-जाणं काढून घेतलं होतं.

“शेठजी येऊन राहिले,” मी म्हटलं. हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

“येऊ दे.”

“कापूस जाईन.”

“मले दिसते ते.” तो उठला. “शब्द मी दिला होता का शेठजीनं?”

ओहोटी लागेपर्यंत तो बांधावर बसून राहिला. आतलं पाणी झडप ढकलून सुटलं तेव्हा तो मोरीत उतरला, कमरेइतक्या धारेत, आणि झडप वर उचलून धरली. एकट्यानं ती बांधता येईना. म्हातारीची सून पदर खोचून खाली उतरली. तिनं वाड्यातून होडीचा दोर आणला होता. दोघांनी झडप वर ओढून बांधाच्या खुंटाला बांधली, आणि म्हातारीनं गाठ स्वतः बघितली, कारण वऱ्हाडी माणसाची गाठ पाण्यात टिकत नाही असं तिचं मत होतं. मोरी मोकळी झाली.

पुढची भरती कोणाला न विचारता आली. आधी तळानं आली, दिसली नाही; वर पाणी अजून बाहेरच वाहत होतं आणि खाली ते आत यायला लागलं होतं, हे मी गडव्यानं बघितलं. मग वरचंही फिरलं. पाणी मोरीतून आत घुसलं, चरांमध्ये चढलं, खालच्या शेतांवर पसरलं, मग उंचवट्याच्या पट्ट्यालाही लागलं. नवरा रोपांच्या कडेला उभा राहून पाणी चढताना बघत होता. त्या रोपांना त्यानं घागरीनं पाणी घातलं होतं. पुढच्या काही दिवसांत ती करपली. त्यानं त्यांना हात लावला नाही आणि त्यांच्याबद्दल कधी बोललाही नाही.

मुनीम शेठजींच्या आधीच आला. आरडाओरडा झाला. नवऱ्यानं एवढंच सांगितलं की दार त्यानं उघडलं आणि का उघडलं. मुनीमानं माणसं लावून झडप खाली सोडायला सांगितली; वाड्यातला एकही माणूस मोरीत उतरला नाही. आम्हांला खोप सोडायला सांगितली. शेठजी आलेच नाहीत. दूरची ती लढाई थांबली होती, कापूस कोणाला नको झाला होता, आणि शेठजींना खाडीपेक्षा मोठी काळजी लागली होती, असं नंतर कळलं. आम्हांला ते तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबलो असतो का, असं मी नवऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, भरती थांबली नसती.

निघायच्या दिवशी मी पहाटे भाकऱ्या थापत होते. बाहेरून बायकांचं बोलणं ऐकू आलं. खाडीवर निघाल्या होत्या. अंगणावरून जाताना एकीनं हाक मारली, “येतेस का गो म्हातारे?” म्हातारी लगेच उठली नाही. तिनं जाळ्याची गाठ पुरी केली, ते खांद्यावर टाकलं, आणि मग गेली. मी तवा तसाच ठेवून दारात आले. ती बायकांच्या मागून चालत होती, फार मागे नव्हे.

गाडी जुंपल्यावर ती ओली परत आली. मी गडवा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, बोळा ओढून बघितला.

“तुला नको?” ती म्हणाली. “तुमची विहीर खारी ना?”

“आमचं खारं दिवसातून दोनदा हलत नाही, आजी. जीभ पुरते.”

तिनं मला सुकटीची पुरचुंडी दिली. वासामुळे गाडीवाला वाटभर कुरकुरत होता आणि मी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. कापूस मोडून त्यांनी पुन्हा वांगी लावली होती. त्यांनी लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “काय केलं रे बाप्पा तिकडं इतके दिवस?”

नवरा पाय धूत होता. विहिरीचं पाणी त्यानं वरच्या वर, अलगद काढलं होतं.

“एक दार बसवलं,” तो म्हणाला. “मंग उघडून ठेवलं.”